मालक जेवायला गेलेत

लोरेम इप्समचं प्रूफ मी दोनदा वाचलं आणि त्यात अकरा चुका काढल्या.

हे कशाबद्दल चाललंय ते ज्यांना कळलं त्यांनी हसून घ्यावं. ज्यांना कळलं नाही ते माझ्याच पंगतीतले, त्यांच्यासाठी सांगतो. वेबसाइट तयार करताना खरा मजकूर हातात आलेला नसतो. मग कुठे किती ओळी बसतील, ठळक अक्षर कसं दिसेल, हे बघायला मोडक्यातोडक्या लॅटिनचे परिच्छेद टाकून ठेवतात. त्याला काही अर्थ नसतो. तो वाचायचा नसतो. तपासायचा तर मुळीच नसतो.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तीस वर्षं सोलापुरातल्या एका छापखान्यात प्रूफं वाचली. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, उरुसाची हँडबिलं, दिवाळी अंक. समोर छापलेलं आलं की लाल पेन आपोआप उघडतं. वेबसाइट टॉवेलच्या कारखान्याची होती, टॉवेल परदेशी जातात हे मला माहीत होतं, तेव्हा जिथे ते जात असतील त्या देशाची ही भाषा असणार, असा मी सरळ हिशोब केला. भाषा येत नसली तरी एकसूत्रता बघता येते. एके ठिकाणी ‘डोलोर’, दोन ओळी गेल्या की ‘डोलोरे’. मी दोन्हींखाली रेघ मारून समासात लिहिलं, ‘कोणते बरोबर? ग्राहकास विचारावे.’

माझ्या भाचीनं तो कागद बराच वेळ हातात धरला.

“मामा,” ती म्हणाली, “हे तुम्ही किती वेळ करत होता?”

“सकाळपासून.”

“बरं,” ती म्हणाली, आणि कागद फाइलला लावून ठेवला. तो तिनं अजून फाडलेला नाही. कुणी नवीन ग्राहक आला की दाखवते.

भाचीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच बेतणार होतं. पुण्यातल्या एका कंपनीत ती चार वर्षं वेबसाइटी बनवत होती. ती नोकरी सोडून सोलापुरात आली आणि सात रस्त्याजवळ एका बेकरीच्या वर खोली घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. दुपारी तीन वाजता खोलीत खारीचा वास सुटतो, तेवढा एक सोडला तर त्या धंद्यात अजून काही सुटलेलं नव्हतं. तिची आई, म्हणजे माझी बहीण, रोज विचारायची, “परत कधी जाणार?” पुण्याची कंपनी तिला परत घ्यायला तयार होती, पण महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळव म्हणाली होती.

टॉवेलच्या कारखान्याचं काम हे तिचं इथलं पहिलं मोठं काम. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखाना, घरात तेलुगू बोलणारं विणकरांचं कुटुंब, तीन पिढ्या मागावर. मालक मोजकं बोलणारे. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, “गुरुवारी मुहूर्त हाय. बारा एकवीसला मी लिंक आमच्या कारखानदारांच्या ग्रुपवर टाकणार. बरी दिसली तर आणखी कामं येतील तुम्हाला. न्हाई दिसली तर मी काय बोलणार न्हाई, पण ग्रुपवरचे बोलतील.”

म्हणजे गुरुवारी दुपारी ठरणार होतं, भाची सोलापुरात राहते की पुण्याची गाडी धरते.

आणि अशा कामावर तिनं तपासनीस म्हणून मला घेतलं. पैसे नव्हतेच, मीही मागितले नव्हते. घरात बसून मी वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल रेघा मारायचो आणि बायको तो पेपर डब्याखाली घालायला नेताना म्हणायची, “निदान कुणाच्या तरी उपयोगी पडा.”

लोरेम इप्समच्या प्रकारानंतर भाचीनं मला समोर बसवून शिकवलं. साइट चालू व्हायच्या आधी काय काय उरलेलं असतं ते सांगितलं. लॅटिन तर असतंच. शिवाय ‘इथे मजकूर लिहा’ असं सांगणाऱ्या ओळी असतात. एक दोन तीन चार असा फोन नंबर असतो. तयार साच्याबरोबर आलेले फोटो असतात, ज्यात सोनेरी केसांची माणसं आपल्या कारखान्याचे अधिकारी म्हणून हसत उभी असतात. ‘नमस्कार जगा’ म्हणणारा एक लेख असतो, तो सिस्टिम स्वतःच लिहून ठेवते.

“आणि मामा, एक लक्षात ठेवा. आपण स्वतः काही तात्पुरतं लिहिलं की त्यात एक्स अक्षराच्या तीन फुल्या टाकायच्या. कुठेही असलं तरी चालू करण्याआधी मी फुल्या शोधते, लोरेम शोधते, टेस्ट शोधते, सॅम्पल शोधते. जे सापडेल ते काढते. फुल्या नसल्या की सापडत नाही.”

“समजलं,” मी म्हणालो. मला समजलं होतं. अडचण समजण्यात नव्हती.

मी एकच अट घातली. पडद्यावर मला चुका दिसत नाहीत, मला छापून द्या. भाची म्हणाली, वेबसाइट कागदावर वाचायची नसते. मी म्हणालो, चूक कागदावरच सापडते, पडद्यावर फक्त डोळे दुखतात. हे वाक्य मला फार आवडलं, म्हणून मी ते दोनदा म्हटलं. ती दमली आणि बत्तीस पानं छापून आणली.

त्या बत्तीस पानांत मी कमाल केली, हे मला नोंदवायचं आहे, कारण पुढे बोलायला फारसं काही उरणार नाही. ‘आमच्याबद्दल’ पानावर तिसऱ्या परिच्छेदात लॅटिनची दीड ओळ मराठीच्या पोटात दडून बसली होती, ती मी पकडली. सोनेरी केसांचे तीन अधिकारी पकडले. ‘ग्राहक म्हणतात’ या मथळ्याखाली एका ग्राहकानं ‘उत्कृष्ट पिझ्झा’ असं म्हटलं होतं, तेही पकडलं. हा साचा मुळात हॉटेलासाठी होता. भाची म्हणाली, “मामा, हे माझ्याही नजरेतून सुटलं होतं.” मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, “पिझ्झा ना? मला पण दिसला असता.”

तर अशा फॉर्ममध्ये असताना मला शिलाई विभागाच्या पानावर पुढचा मजकूर दिसला:

‘नवा टॉवेल पहिल्या धुण्याला पाणी पीत नाही. दुसऱ्याला पितो. तिसऱ्यालाही नाही प्यायला तर परत आणा, मी बघते.’

आता तुम्हीच सांगा. कुठल्या कंपनीच्या वेबसाइटवर ‘मी बघते’ असतं? कोण बघते? मी ओळखलं, हा कुणीतरी जागा भरायला टाकलेला मजकूर. लाल पेनानं आडवी रेघ मारली, समासात लिहिलं, ‘चाचणी मजकूर. काढावा.’ आणि त्या जागी स्वतः एक परिच्छेद रचला. तो ‘जलशोषणाच्या निसर्गदत्त सामर्थ्याने नटलेली आमची वस्त्रे’ असा सुरू व्हायचा. संपायचा कुठे, ते मलाही नीट आठवत नाही.

भाचीनं विचारलं, “हा मालकांकडून आलेला नव्हता ना?”

“शक्यच नाही,” मी म्हणालो.

तिला त्या दिवशी साइट फोनवर नीट दिसेना, ती त्या गडबडीत होती. तिनं माझ्या शब्दावर बदल केला. तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसावर विश्वास ठेवला, तिची चूक एवढीच.

मंगळवारी चौकशीचा फॉर्म तपासायचा होता. ग्राहकानं नाव, ई-मेल, काय हवं ते लिहून बटण दाबलं की मालकांना मेल जातो, आणि त्याच क्षणी ग्राहकालाही आपोआप एक उत्तर जातं. हे उत्तर साइटच्या कुठल्याच पानावर दिसत नाही. ते आत, फॉर्मच्या सेटिंगमध्ये असतं. भाचीनं मला ती चौकट उघडून दिली.

“मामा, इथे आभाराच्या दोन तात्पुरत्या ओळी लिहा. मालकांकडून खरा मजकूर आला की बदलू.” एवढ्यात तिला फोन आला आणि ती बोलत गॅलरीत गेली.

मी लिहिलं:

‘आपली चौकशी मिळाली. मालक जेवायला गेलेत. आले की बघतील. नाहीच आले तर आपण पुन्हा विचारावे, त्यात कमीपणा मानू नये.’

मला वाटलं, परत येऊन वाचेल, हसेल. फुल्या टाकायच्या आठवल्या. खरंच आठवल्या, बोट त्या अक्षरावर गेलंही. पण तीस वर्षं ज्यानं मजकुरातून फुल्या, फाटे, डाग काढले, त्याला स्वतःच्या चार स्वच्छ, शुद्ध वाक्यांत तीन फुल्या मारवेनात. वाटलं, हे एवढं लहानसं, मी लक्षात ठेवीन.

मग फॉर्म भरून बघितला. ग्राहकाचा ई-मेल हवा होता. मी ‘एबीसी ॲट एक्झाम्पल डॉट कॉम’ असा टाकला, जो कुणाचाच नसतो. मालकांना जाणारा मेल त्या दिवसापुरता भाचीच्या फोनवर येत होता, तो टणकन आला. ती गॅलरीतून म्हणाली, “आला, आला. चालतंय.” ग्राहकाला गेलेलं उत्तर मात्र त्या कुणाच्याच नसलेल्या पत्त्यावर गेलं, म्हणजे कुणीच वाचलं नाही. बटण चालतं की नाही हे तपासलं गेलं, बटणातून काय बाहेर पडतं ते राहिलं. फोन आटोपून ती आली तोवर बेकरीतून खारी आली होती. मी ती खात होतो. वाक्य विसरलो होतो.

बुधवारी संध्याकाळी भाचीनं सगळी साइट फुल्यांसाठी शोधली. लोरेम शोधलं, टेस्ट शोधलं, सॅम्पल शोधलं. काही निघालं नाही. माझा मजकूर शुद्ध मराठीत होता, तो कसा निघणार?

गुरुवारी मालकांच्या ऑफिसात लॅपटॉपला हळदकुंकू लागलं. नारळ बाहेर पायरीवर फोडला, कारण भाचीनं वायरींजवळ फोडू दिला नाही. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग धडधडत होते, त्यामुळे सगळे एकमेकांशी थोडे ओरडून बोलत होते, आणि ओरडून बोललं की शुभकार्यही भांडणासारखं वाटतं. बारा एकवीसला मालकांनी ग्रुपवर लिंक टाकली. अंगठे, हार, फुलं यायला लागली. भाचीचे खांदे दोन इंच खाली आले.

मालक म्हणाले, “आता जेवून जायचं.”

जेवण ऑफिसामागच्या खोलीत होतं. भाकरी, शेंगाची चटणी, आमटी. वाढायला मालकांची थोरली बहीण, जिला सगळा कारखाना अक्का म्हणतो. शिलाई विभाग तीच बघते. पन्नासेक बायका तिच्या हाताखाली टॉवेलच्या कडा शिवतात. अक्कांनी मला एकदा नखशिखांत बघितलं आणि भाचीला विचारलं, “हे कोण?”

“मामा. मजकूर तपासतात.”

“अच्छा,” अक्का म्हणाल्या, आणि मला अर्धी भाकरी वाढली.

मालकांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा फोन वाजला. हात खरकटा म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

“मालक, नातेपुत्याहून बोलतोय. कापडाचं दुकान हाय आपलं. तुमची लिंक फिरत फिरत आली. जेवण झालं का तुमचं?”

“चाललंय,” मालक म्हणाले. “का?”

“न्हाई, मग निवांत जेवा की. मी अर्ध्या तासानं करतो. टॉवेलाचा भाव विचारायचा व्हता.”

“थांबा. मी जेवतोय हे कुणी सांगितलं तुमाला?”

“तुमच्या वेबसाइटनं कळवलं.”

मालकांनी घास खाली ठेवला. मान वर करून खोलीच्या कोपऱ्यातल्या सीसीटीव्हीकडे बघितलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. मीही तिकडेच बघितलं, कारण दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

तेवढ्यात ग्रुपवर फोटो आला. एका कारखानदारानं अभिनंदन करायला फॉर्म भरला होता आणि त्याला मिळालेल्या उत्तराचा फोटो काढून टाकला होता. भाचीनं तो मनातल्या मनात वाचला. मग तिनं माझ्याकडे बघितलं. ‘त्यात कमीपणा मानू नये’ असं सोलापुरात अजून कोण लिहितं, हे तिला माहीत होतं.

मी आमटीत भाकरी कुस्करत होतो. बारीक कुस्करत होतो.

“मालक,” भाची म्हणाली, “हे माझ्याकडून राहिलं. शेवटचं मीच बघायला पाहिजे होतं.”

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तिच्या या वाक्यानंतर मी लगेच बोललो नाही. एक घास चावला. तो चावून झाला, दुसरा घ्यावा असंही मनात आलं. मग मान खाली घालून म्हणालो, “मी लिहिलं. फुल्या टाकायच्या होत्या, टाकल्या नाहीत.”

मालकांना फुल्यांचं काही कळलं नाही. ते म्हणाले, “गेलेलं परत आणता येतं का?”

“नाही,” भाची म्हणाली. “गेलेला मेल परत येत नाही. पुढचा जाणारा बदलता येतो.” ताट तसंच ठेवून ती हात धुवून पुढच्या खोलीत गेली. दोन मिनिटांत मजकूर बदलून आली. नवा मजकूर ‘आपली चौकशी मिळाली, उद्यापर्यंत संपर्क करतो, धन्यवाद’ एवढाच होता. तिनं स्वतःच्या खऱ्या पत्त्यावर पाठवून बघितला, मालकांच्या पत्त्यावर बघितला. मला दाखवला नाही.

तोवर ग्रुपवर गंमत सुरू झाली होती. ‘आम्हीपण जेवायला येऊ का’, ‘मालक, ताक घ्या’, असं एकेक. सहा-सात जणांनी तेवढ्यासाठी मुद्दाम फॉर्म भरले होते. मालक एकेक वाचून पुढे सरकवत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. भाची भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोक्यात पुण्याची गाडी किती वाजता सुटते ते चाललंय, हे मला तिच्या पायांकडे बघून कळत होतं.

मग मालकांना आणखी एक फोन आला. यावेळी त्यांनी स्पीकर लावला नाही. तेलुगूत बोलले, बराच वेळ. मला त्यातलं ‘वेबसाइट’ आणि ‘भोजनम्’ एवढंच कळलं, आणि तेवढ्यानं धीर आला नाही.

फोन ठेवून मालक भाचीला म्हणाले, “ग्रुपवरचे सगळ्यात जुने कारखानदार हायत. त्यांनी दोन वर्षांमागं साइट केली दुसऱ्याकडून. दिसायला लई भारी. पण तिच्या फॉर्ममधून एकबी चौकशी आली न्हाई. त्यांना वाटलं, गिऱ्हाईकच न्हाई. आज तुमचा फॉर्म भरला आणि लगेच उत्तर आलं, तवा त्यांनी स्वतःचा भरून बघितला. काय आलं न्हाई. कुटं जात व्हतं कुणाला ठाऊक.”

“मेल पोचतच नसणार,” भाची म्हणाली. “बघावं लागेल.”

“ते म्हणाले, उत्तर येडं असू दे, पण आलं तर. सोमवारी बोलावलंय तुमाला. त्यांची आख्खी साइट परत करायची हाय.” मालकांनी घास उचलला. “आणि म्हणाले, पोरीला पाठवा. ते जेवणाचं कुणी लिहिलंय त्याला नको.”

भाची खाली बसली. फोन काढून काहीतरी छोटं टाइप केलं. मी विचारलं, कुणाला? म्हणाली, “पुण्याला. येत नाही म्हणून कळवलं.” मग गार आमटी खायला लागली.

मला वाटलं, सुटलो. मी आणखी भाकरी मागायच्या विचारात होतो. पण इतका वेळ अक्का काही बोलल्या नव्हत्या. त्या दाराजवळ बसून मालकांच्या फोनवर साइट बघत होत्या, शिलाईच्या पानावर बोट वर-खाली करत.

“माझं लिहिलेलं कुटं हाय?” त्या म्हणाल्या. “मी सांगितलं, भावानं टाइप केलं. टॉवेल दुसऱ्या धुण्याला पाणी पितो म्हणून. हितं निसर्ग-बिसर्ग काय की लिहिलंय.”

भाचीनं हळूच माझ्याकडे बघितलं.

“मला ते,” मी म्हणालो, “जागा भरायला टाकलेलं वाटलं.”

“जागा भरायला म्हणजे?”

भाचीनं समजावून सांगितलं. आधी साइटवर सोनेरी केसांचे तीन साहेब होते ना, अक्का, तसं. खरं मिळेपर्यंत नुसतं ठेवून द्यायचं. कामाचं नसतं. खरं आलं की काढून टाकायचं.

अक्कांनी सगळं नीट ऐकून घेतलं. माझ्या ताटात उरलेली अर्धी भाकरी वाढली. मग भाचीकडे वळून विचारलं,

“मग ह्यांच्या जागी खरा माणूस कधी येणार हाय?”